पहिलं बिल निघेपर्यंत

इंदूरला आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरची स्वागत-ईमेल मी लिहितो. आधी ती दिवस मोजून जायची: पहिल्या दिवशी ओळख, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट, पाचव्या दिवशी स्टॉक. लोक ईमेल उघडायचे, पण बिल काही निघायचं नाही.

सीतलामाता बाजारातल्या एका साडीवाल्या काकांच्या शेजारी जाऊन बसलो, तेव्हा कारण दिसलं. आमची पहिलीच ईमेल पूर्ण मालाची यादी चढवायला सांगत होती. काका म्हणाले, "अरे, एवढ्या साड्या लिहायच्या कधी? गिऱ्हाईक समोर उभं आहे."

आता पहिल्या ईमेलमध्ये एकच बटण आहे, ते थेट कोऱ्या बिलावर नेतं. एक वस्तू, एक भाव, की झालं बिल. जीएसटी नंबरवर कोणी अडकलं तरच दुसरी जाते: नंबर १५ अक्षरांचा, आपल्या मध्य प्रदेशचा २३ ने सुरू होतो, नोंदणी नसेल तर रकाना रिकामा सोडा. बिल निघालं की ही मालिका तिथेच थांबते.

एक चूक मात्र नंतर सापडली. 'टेस्ट' नावाने केलेलं बिलही आम्ही यश धरत होतो, आणि ज्यांना मदत हवी होती त्यांच्याच ईमेल बंद पडत होत्या. म्हणून आता बिल गिऱ्हाइकाला पाठवलं किंवा छापलं, तरच ते मोजतो.