गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी टिक, आपल्याकडे पैसे नाहीत: दुकानदारांनी या चुका टाळा

"दादा, गेले बघा पैसे," असं म्हणत गिऱ्हाईक फोन पुढे करतं. स्क्रीनवर हिरवी टिक, दुकानाचं नाव, रक्कम, वेळ, सगळं बरोबर. आपण मान हलवतो आणि माल देतो. संध्याकाळच्या गर्दीत नेमकी इथेच फसगत होते.

पहिली चूक: दुकानाचं नाव बरोबर आहे म्हणून खरं मानणं

"आमचं नाव आलंय म्हणजे पैसे आमच्याच खात्यात गेले," असं बहुतेकांना वाटतं. पण हे नाव येतं कुठून? काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये साधारण असा मजकूर दडलेला असतो:

```
upi://pay?pa=shrisamarth@examplebank&pn=Shri%20Samarth%20Kirana&cu=INR
```

`pa` म्हणजे आपला यूपीआय आयडी आणि `pn` म्हणजे नाव. हे वाचायला बँकेची परवानगी लागत नाही, कुठलाही स्कॅनर वाचतो. बनावट अॅप एवढंच करतं: आपला खरा कोड स्कॅन करतं, त्यातलं नाव उचलतं, रक्कम आणि पिन टाकायची खोटी स्क्रीन दाखवतं आणि शेवटी टिक, 'टिंग' आवाज आणि व्यवहाराची ओळख असलेल्या 12 आकडी यूटीआर नंबरसकट पावती समोर ठेवतं. बँकेपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. गिऱ्हाइकाने आपल्यासमोर स्कॅन केलं, पिन टाकला, हे आपण डोळ्यांनी पाहिलं, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

साधा, एडिट केलेला स्क्रीनशॉट पकडणं त्यामानाने सोपं. पावतीवरची वेळ दुकानातल्या घड्याळाशी जुळते का बघा. आकड्यांची जाडी किंवा ओळ बाकी मजकुरापेक्षा वेगळी वाटते का बघा. बोट आडवं सरकवल्यावर गॅलरीतला पुढचा फोटो आला, तर प्रश्नच मिटला. पण या खुणा फक्त खोटं पकडायच्या कामाच्या. एकही खूण सापडली नाही म्हणून पावती खरी ठरत नाही. अॅप उघडून "हिस्ट्री दाखवा" म्हणण्याचंही तेच, कारण बनावट अॅपमध्ये हिस्ट्रीसुद्धा बनवलेली असू शकते. म्हणून गिऱ्हाइकाच्या फोनवर नजर लावण्यात वेळ घालवू नका. खात्री आपल्या बाजूने करायची.

दुसरी चूक: आपल्या बाजूने, पण चुकीच्या जागी बघणं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, आणि त्यात खरं गिऱ्हाईकही नाहक अडकतं. आधी आपला क्यूआर कोणत्या प्रकारचा आहे ते समजून घ्या.

कोड थेट तुमच्या बँक खात्याला जोडलेल्या वैयक्तिक यूपीआय आयडीचा असेल, तर पैसे सहसा काही सेकंदांत खात्यात दिसतात. पेमेंट कंपनीने दिलेला व्यापारी क्यूआर असेल, तर दिवसभराचे पैसे आधी कंपनीकडे नोंदले जातात आणि तुमच्या योजनेप्रमाणे रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकरकमी बँकेत येऊ शकतात. अशा वेळी लगेच बँकेचा बॅलन्स बघून "आले नाहीत" म्हणणं चूक. तिथे कंपनीच्या व्यापारी अॅपमधली व्यवहारांची यादी बघायची.

समजा, बिल 1,460 रुपयांचं आहे आणि वेळ 7:40. आपलं अॅप उघडा, यादी खाली ओढून ताजी करा आणि तीन गोष्टी जुळवा: रक्कम 1,460 आहे का, वेळ 7:40 च्या आसपासची आहे का, आणि स्थिती 'यशस्वी' आहे का. त्याच सुमारास दुसऱ्या कुणी तेवढीच रक्कम भरली असेल, तर गिऱ्हाइकाच्या पावतीवरचा यूटीआर तुमच्या नोंदीतल्या नंबरशी ताडून बघा. नंबर नुसता 12 आकडी आहे एवढ्यावर भागत नाही, कारण 12 आकडे कुणीही टाइप करू शकतं.

काउंटरवर पोरगा किंवा नोकर असतो आणि अॅप मालकाच्या फोनवर, ही नेहमीची अडचण. बऱ्याच व्यापारी अॅपमध्ये नोकराच्या फोनवर फक्त व्यवहार दिसतील अशी सोय असते. ती चालू करून घ्या.

तिसरी चूक: साउंडबॉक्सकडे दुर्लक्ष, किंवा त्याच्यावर आंधळा भरवसा

साउंडबॉक्स हा सगळ्यात सोपा उपाय, पण त्याची बॅटरी उतरते, आतल्या सिमला रेंज नसते आणि घोषणा उशिरा येते. बॉक्स गप्प राहिला तर आधी अॅप बघा, मगच गिऱ्हाइकाला बोला. उलट बाजूही आहे. शेजारच्या दुकानाचा आवाज आपला वाटतो, किंवा फोनच्या स्पीकरवर आधीच रेकॉर्ड केलेली घोषणा वाजवली जाते. आवाज आपल्याच डब्यातून आला का आणि रक्कम बरोबर बोलला का, हे ऐका. मोठ्या बिलाला आवाज आला तरी अॅप बघणंच बरं.

चौथी चूक: खरी पावती आणि तरी पैसे नाहीत, हे लक्षात न घेणं

एक शक्यता अशी की तुमच्या स्टिकरवर कुणीतरी स्वतःचा क्यूआर चिकटवलेला आहे. गिऱ्हाइकाने प्रामाणिकपणे पैसे दिले, पावतीही खरी, पण ते तिसऱ्याच्या खात्यात गेले. दुकान उघडताना स्टिकरच्या कडा नखाने चाचपा आणि स्वतःच्या फोनवरून स्कॅन करून नाव बघा. पैसे पाठवायची गरज नाही.

दुसरी शक्यता, व्यवहार खरोखर अडकलाय. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानाला पुष्टी आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला रोज 100 रुपये भरपाई मिळायला हवी. व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे अडकले, तर मुदत 1 दिवसाची. हे सांगून नम्रपणे म्हणा, "ताई, आमच्याकडे अजून आले नाहीत. रोख द्या, किंवा थोडं थांबा." थांबायला ते तयार असतील तर यूटीआर लिहून ठेवा. "प्रोसेसिंग" किंवा "पेंडिंग" दिसत असताना माल मात्र देऊ नका.

पाचवी चूक: "जास्त गेले, परत करा" याला लगेच हो म्हणणं

पाचशेच्या जागी पाच हजार गेले असं सांगून मेसेज दाखवतात आणि उरलेले परत मागतात. बँकेचा मेसेज 10 आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरी नाव असतं आणि शेवटी बहुधा -S किंवा -T. पण मेसेज बघूनही पैसे परत करू नका. आपल्या अॅपच्या यादीत 5,000 ची नोंद दिसली तरच करा, आणि तेही त्या मूळ व्यवहारावरच्या 'रिफंड' पर्यायातून. नव्याने दिलेल्या नंबरावर पाठवू नका.

पैसे आपल्या खात्यातून गेले असतील किंवा क्यूआर बदललेला सापडला असेल, तर ताबडतोब 1930 ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. खोटी पावती दाखवून माल नेला असेल, तर पोलीस ठाण्यात जाताना त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण, बिल आणि त्या वेळेत ती रक्कम आलेली नाही हे दाखवणारी अॅपमधली यादी सोबत न्या. बरेच सीसीटीव्ही जुनं चित्रण आपोआप पुसतात, म्हणून क्लिप त्याच दिवशी वेगळी काढून ठेवा.