संस्थापिकेची 5 मिनिटांची रेडिओ मुलाखत : मुद्द्यांचा कागद कसा तयार केला

नाचणीच्या आंबिलाचं तयार पीठ बनवणाऱ्या एका छोट्या उद्योगात मी प्रसिद्धीचं काम पाहायचे. आमच्या ताईंना स्थानिक रेडिओवर 5 मिनिटं मिळाली, तेव्हा मी 2 पानं भरून मजकूर दिला. पहिल्याच प्रश्नाला ताईंनी लहानपणापासून सुरुवात केली, निवेदिकेने मध्येच पुढचा प्रश्न विचारला आणि पिठाचं नाव शेवटच्या घाईत कसंबसं आलं. चूक माझ्या कागदाची होती.

5 मिनिटांतून निवेदकाचे प्रश्न आणि ओळख वजा केली की पाहुण्याला जेमतेम 3 मिनिटं उरतात. सावकाश बोललं तर त्यात साधारण साडेतीनशे शब्द बसतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाची पाच-सहा उत्तरं. म्हणून पुढच्या मुलाखतीसाठी मी तीनच मुद्दे ठेवले: हे काय आहे, का बनवलं, घरी कसं करायचं.

पहिलं उत्तर आम्ही फोनवर वेळ लावून घोटलं. आधी ते होतं, “आमचं उत्पादन पौष्टिक, पारंपरिक आणि आधुनिक जीवनशैलीला अनुरूप आहे.” ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यातून काहीच येत नाही. ते बदलून असं केलं: “आंबिलासाठी रात्री पीठ भिजवून ठेवावं लागतं. सकाळी कामाला निघणाऱ्या बाईला ते जमत नाही. आमच्या पिठाचं आंबील 5 मिनिटांत होतं.” यातच पिठाचं नावही घातलं, कारण मुलाखत कुठे तुटेल ते आपल्या हातात नसतं. (कार्यक्रमात नाव आणि किंमत सांगितलेली चालते का, हे केंद्राला आधी विचारून ठेवा.)

कृती सांगताना आकडे दोनच ठेवले: 2 चमचे पीठ, 1 पेला पाणी. मात्र “आधी गार पाण्यात कालवा, मग गॅसवर ठेवा” हे वाक्य मी कागदावर अधोरेखित केलं. नाचणीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं की गुठळ्या होतात आणि करणारी बाई दोष पिठाला देते.

सगळ्यात जास्त वेळ “मधुमेहींना चालेल का?” या प्रश्नावर गेला. ताईंच्या तोंडी “हो, साखर कमी होते” असं सहज यायचं. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा कायद्याने करता येत नाही, आणि नाचणीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. म्हणून उत्तर ठरलं: “नाचणी हेही धान्यच आहे. तुम्हाला किती चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं, एवढं मी सांगू शकते.” हे ताईंकडून दहा वेळा तरी म्हणवून घेतलं.

शेवटी हे सगळं एका जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत उतरवलं. पूर्ण वाक्यं लिहिली नाहीत, वाचून दाखवलेलं लगेच कळतं. पातळ कागदाची सळसळ माइकमध्ये येते, म्हणून कार्ड. मुलाखत चौथ्या मिनिटाला आटोपली. पिठाचं नाव तोवर दोनदा घेऊन झालं होतं.