पहिल्या सिनेमाच्या शोला आभाराचं भाषण: या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठच्या एका गावात आम्ही 11 दिवसांत 34 मिनिटांचा सिनेमा केला. पहिला शो गावातच, देवळापुढच्या पटांगणात पडदा बांधून लावला. पैसे घेऊन काम करणारं कुणी नव्हतं, त्यामुळे दिग्दर्शक म्हणून माझ्याकडे द्यायला आभाराचे चार शब्दच होते. त्यातही चार पोरांची नावं राहिली. शो संपल्यावर त्यांच्यातला एकजण येऊन "दादा, छान झालाय हां सिनेमा" एवढंच म्हणाला आणि खुर्च्या उचलायला लागला. ते आजही मनातून जात नाही.

चूक झाली ती यादी करताना. शोच्या दुपारी बसून आठवेल तसं मी लिहीत गेलो. असं केलं की कॅमेऱ्याजवळची माणसंच आठवतात. आमची ती चार पोरं रस्त्याच्या दोन टोकांना उभी राहून ट्रॅक्टर आणि मोटारसायकली थांबवत होती. सीन चालू असताना ती मला कधी दिसलीच नाहीत, आणि दिसली नाहीत म्हणूनच सीन नीट झाला. नंतर जेवणाची वही काढली. चौथ्या दिवशी ताटं 23 होती आणि माझ्या यादीत त्या दिवसाची नावं 19. म्हणून यादी जेवणाच्या वहीवरनं करा. रोजची ताटं आणि रोजची नावं जुळेपर्यंत ती पुरी झाली म्हणू नका. घरनं डबा आणणारे आणि सामान नुसतं पोचवून गेलेले वहीत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकूंना शेजारी बसवा. कोण कधी आलं नि गेलं हे त्यांना पक्कं माहीत असतं.

यादी पुरी झाली की ती सगळी माइकवर वाचण्याचा मोह होतो. आमची नावं 41. एका नावाला तीन सेकंद धरले तरी दोन मिनिटं जातात, आणि दर नावाला टाळी पडली की पाच. विसाव्या नावापासून लोक आपसात बोलायला लागतात आणि शेवटच्या वीसजणांना तेवढी गडबडच मिळते. सगळी नावं पडद्यावर शेवटी, वाचता येतील अशा वेगानं सोडा. भाषणात पाच-सहा कामं घ्या, आणि प्रत्येक काम सिनेमात नेमकं कुठं दिसलं किंवा ऐकू आलं ते सांगा.

"सर्वांनी अमूल्य सहकार्य केलं" हे वाक्य म्हणूनच काढून टाका. नदीकाठच्या सीनला शेजारच्या मळ्यातला पंप घरघरत होता आणि संवाद ऐकू येत नव्हता. मळ्याच्या अण्णांनी तीन तास पंप बंद ठेवला. थ्री फेज ठरल्या तासांनाच येतं, म्हणजे तीन तास पंप बंद म्हणजे त्या दिवशी तेवढं रान कोरडं. हे मी असं सांगायला हवं होतं: "आई नदीवर बोलते तिथं तुम्हाला पाण्याचा आवाज आला ना? अण्णांनी पाणी पाजायचं सोडून पंप बंद ठेवला, म्हणून तो आला." अण्णांचं पूर्ण नाव घेऊन. गावात सगळे अण्णाच म्हणत असले तरी आभार मानताना पूर्ण नावच घ्यावं.

आता यातूनच निघणारी एक गोष्ट. हे बोलणं सिनेमाआधी केलंत तर पंपाचं महत्त्व कुणाला कळणार नाही. आधी फक्त नमस्कार करा. आभार सिनेमा संपल्यावर, दिवे लावून, लोक उठायच्या आत. पाहुण्यांचे हारतुरे सूत्रसंचालकाकडे सोपवा.

आमचे अण्णा घरात कन्नड बोलतात. आपल्याकडे अशी माणसं प्रत्येक कामात असतात, आणि बहुतेक भाषणांत त्यांच्या वाट्याला शेवटी एक "धन्यवादगळु" येतं. मराठीत सगळं सांगून झाल्यावर जोडलेलं ते वाक्य उपचाराचं वाटतं. अण्णांबद्दल बोलतानाच, त्यांच्याकडे बघून, दोन वाक्यं कन्नडमध्ये बोला. आदल्या दिवशी कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी उच्चार बसवून घ्या. नावही त्या माणसालाच विचारा. बऱ्याचजणांच्या कागदावरच्या नावाआधी गावाचं किंवा वडिलांचं आद्याक्षर असतं आणि हाक मारायचं नाव वेगळंच असतं.

माइकला शिट्टी आली तर स्पीकरच्या पुढनं मागं सरका, आवाज वाढवायला सांगू नका.

आणि नाव राहिलंच तर? लोक पटांगणात असतील तर लगेच माइक परत घ्या आणि नाव, काम, सीन तिन्ही सांगा. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये माफी मागून भागत नाही, कारण नाव राहिलं ते त्याच्या घरच्यांसमोर. मी त्या रात्री गप्प राहिलो. दुसरा शो पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात होता. त्याआधी शेवटच्या पाटीत चार नावं घालून फाइल परत काढली, चौघांच्या घरी जाऊन आईवडिलांना बोलावलं, आणि रस्त्याच्या सीनबद्दल त्यांच्यासमोर बोललो. चौघांतले तिघे आले.