शरीर थांबलं की शेपटीही गपकन थांबते: माझा अनुभव

नागपुरातल्या एका जंगल सफारीच्या जाहिरातीसाठी ब्लेंडरमध्ये वाघ करत होतो. २४ फ्रेम्सचा सेकंद, शेपटीत पाच बोन. वाघ डावीकडे वळून ४० व्या फ्रेमला थांबतो आणि शेपटीही तिथेच गोठते. हाताने जास्तीच्या की टाकल्या, तर पूर्ण शेपटी काठीसारखी एकत्र हलायची. शेवटचे झोके लहान करताना वेळही कमी केली, तर ती स्प्रिंगसारखी थरथरली. डोकं पार उठलं.

शेवटी जमलं ते असं. आधी फक्त मुळाचा बोन घेतला. वळताना तो उलट्या बाजूला १२ अंश मागे राहतो. कंबर ४० ला थांबल्यावर तो वळणाच्या दिशेने पुढे जातो: ४६ ला १० अंश, ५४ ला उलट ५, ६२ ला परत २, ७० ला शून्य. झोका लहान होतो, पण दोन टोकांमधलं अंतर ८ फ्रेम्सच राहतं. सगळी गंमत इथेच आहे.

मग याच की बाकीच्या चार बोनवर कॉपी केल्या. Graph Editor मध्ये दुसऱ्या बोनच्या सगळ्या की निवडून `G`, `X`, `2`, एंटर. तिसऱ्याला ४, चौथ्याला ६, टोकाला ८. मूळ मात्र सरकवायचं नाही, नाहीतर शेपटी कंबरेपासून तुटल्यासारखी दिसते. टोक ७८ ला स्थिरावतं.

प्रत्येक बोनचे अंश पुढच्यात मिळतात, म्हणून टोक फार फेकलं गेलं तर अंश कमी करा, फ्रेम्स नको. लांब केसांना मी ३-३ फ्रेम्सचं अंतर देतो.