कॉलेज फेस्टचं कॅरोसेल बनवताय? प्रत्येक स्लाइड एकटी फिरणार हे धरूनच बनवा

फेस्टची तारीख ठरली की पीआर टीमच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'अरे इन्स्टाचं कॅरोसेल कोण बनवतंय?' आणि मग कोणीतरी एकजण रात्री बसून दहा स्लाइड्स करतो, दिसायला एकदम भारी, पण दुसऱ्या दिवशी डीएममध्ये तेच प्रश्न: किती वाजता? कुठल्या गेटने? टीमला किती, एकट्याला किती? कारण साधं आहे, पोरं कॅरोसेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाहीत, त्यांना हवी ती एक स्लाइड स्क्रीनशॉट मारून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि तिथे आधीच्या-नंतरच्या स्लाइड्स नसतात. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या खाली एक बारीक पट्टी ठेवायची, त्यात फेस्टचं नाव, तारीख आणि पेजचं हँडल. कंटाळवाणं वाटेल, पण ठेवाच.

साइज १०८० बाय १३५० घ्या. पहिल्या स्लाइडचा जो आकार तोच इन्स्टा सगळ्यांना लावतं, त्यामुळे पहिली चौकोनी आणि बाकी उभ्या असं केलंत तर बाकीच्यांचं वरचं-खालचं कापलं जाणार, म्हणजे आपली पट्टीच गायब. डाव्या-उजव्या कडेलाही मोकळी जागा सोडा, प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये बाजूने थोडं कापलं जातं.

फॉन्टसाठी मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि देवनागरी नीट दिसते. फक्त दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. फोटोशॉपमध्ये 'स्पर्धा'चं 'स्पर् धा' दिसायला लागलं तर फॉन्टला शिव्या घालू नका, टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय भाषांचा पर्याय चालू करा.

आता स्लाइड्स. सोयीसाठी पुण्यात कर्वे रोडच्या आसपासचं एक कॉलेज धरूया, दोन दिवसांचा फेस्ट, शुक्रवार १६ आणि शनिवार १७ जानेवारी २०२६, चार स्पर्धा.

पहिल्या स्लाइडवर फेस्टचं नाव, तारीख आणि एकच ओळ. 'आम्ही घेऊन येत आहोत' वगैरे निमंत्रणपत्रिकेची भाषा नको, आपण कट्ट्यावर बोलतो तसं लिहा:

'दोन दिवस. चार स्पर्धा. ३० हजारांची बक्षिसं. तुझी टीम कुठंय?'

'लेक्चर बंक करून या' लिहायचा मोह सगळ्यांना होतो. पेज प्राचार्यपण बघतात, एवढंच सांगतो.

शेड्यूलच्या स्लाइडवर सगळ्यात जास्त घोळ होतो. दोन दिवसांच्या दोन स्लाइड्स करा, एकात कोंबू नका, फोनवर बारीक अक्षर कोणी झूम करून वाचत नाही. आणि वेळ एक नाही, दोन लिहायच्या, रिपोर्टिंगची आणि स्पर्धा सुरू व्हायची. नुसतं 'पथनाट्य १० वाजता' लिहिलं की टीम दहाला गेटवर उगवते, मग मेकअप, मग ढोलकीवाला अजून रिक्षात, आणि पहिली एन्ट्री साडेअकराला.

शुक्रवार, १६ जानेवारी
पथनाट्य: रिपोर्टिंग सकाळी ९, सुरू १०
सोलो गायन: रिपोर्टिंग दुपारी २, सुरू २:३०

शनिवारी ग्रुप डान्सची स्पर्धा आणि रील मेकिंगचा निकाल, लिहायची पद्धत तीच. टाकण्याआधी वार आणि तारीख कॅलेंडर उघडून जुळवा. मागच्या वर्षीच्या टेम्प्लेटमध्ये तारीख बदलतात आणि वार तसाच राहतो, मग अर्धी पोरं वार बघून येतात आणि अर्धी तारीख बघून.

व्हेन्यूच्या स्लाइडवर कॉलेजचा ड्रोन फोटो टाकायची फॅशन आहे. छान दिसतो, उपयोग शून्य. बाहेरच्या कॉलेजच्या पोराला हे हवं असतं:

'गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशनला उतर, चालत ७ मिनिटं. मागच्या गेटने आत ये, मेन गेट दोन दिवस बंद. पथनाट्य पार्किंगमागच्या ग्राउंडवर, बाकी सगळं ऑडिटोरियममध्ये. कॉलेजचं आयकार्ड ओरिजिनल आण, फोटो चालणार नाही.'

मिनिटं स्वतः चालून मोजा. टू-व्हीलर कुठे लावायची तेही लिहा, पुण्यात हा प्रश्न पहिला येतो.

बक्षिसांच्या स्लाइडवर मोठ्ठा आकडा टाकायला मजा येते, टाका, पण त्याच्या खालीच फोड द्या. पथनाट्य ७,००० आणि ४,०००, ग्रुप डान्स तेवढंच, सोलो गायन ३,००० आणि २,०००, रील मेकिंग २,००० आणि १,०००. बेरीज केली की बरोबर ३० हजार भरतात, आणि पोरं बेरीज करतातच, नाही भरली तर कमेंटमध्ये लगेच कळवतात. रक्कम पूर्ण टीमला की प्रत्येकाला, हे त्याच ओळीत हवं. पाचपेक्षा कमी टीम आल्या तर दुसरं बक्षीस नाही असा काही नियम असेल तर तोही इथेच, निकालाच्या वेळी स्टेजवर सांगितला की राडा ठरलेला. आणि स्पॉन्सरने फोनवर फक्त 'हो बघू' म्हटलं असेल तर तो आकडा स्लाइडवर येता कामा नये.

रजिस्ट्रेशनची स्लाइड शेवटी, आणि त्यावर क्यूआर कोड लावू नका. पोस्ट बघणारा ज्या फोनवर बघतोय त्याच फोनने तो थेट स्कॅन कसा करणार? क्यूआर कॉरिडॉरमधल्या छापील पोस्टरला ठेवा. कॅप्शनमधली लिंकपण टॅप होत नाही, म्हणून लिंक बायोमध्ये आणि स्टोरीच्या स्टिकरमध्ये, आणि स्लाइडवर असं:

'१. बायोमधली लिंक उघड. २. टीमलीडरने एकदाच फॉर्म भरायचा. ३. फी टीममागे ३०० रुपये, यूपीआयने भर आणि यूटीआर नंबर फॉर्ममध्ये टाक. शेवटची वेळ: सोमवार १२ जानेवारी, रात्री ११:५९.'

'१२ तारखेला रात्री १२ पर्यंत' असं अजिबात नको, त्याचे दोन अर्थ निघतात आणि भांडण तुमच्या इनबॉक्समध्ये होतं.

गूगल फॉर्म कॉलेजच्या मेल आयडीवरून बनवला असेल तर नीट तपासा. अशा फॉर्मला बऱ्याचदा फक्त त्याच कॉलेजच्या आयडीने उघडायची परवानगी असते, तुमच्या सगळ्या टीमच्या फोनवर तो मस्त उघडतो आणि बाहेरच्यांना 'परवानगी नाही' दिसतं, त्यातले बरेचजण तुम्हाला कळवतही नाहीत, सरळ दुसऱ्या फेस्टला जातात. म्हणून लिंक दुसऱ्या कॉलेजमधल्या मित्राला पाठवा आणि त्याला डमी एन्ट्री भरायला लावा. पेमेंटचा स्क्रीनशॉट अपलोड करायला लावलात तर भरणाऱ्याला गूगलमध्ये लॉग-इन करावं लागतं, त्यापेक्षा यूटीआर नंबर टाइप करून घेतलेला बरा.

संपर्कासाठी कोणाचा पर्सनल नंबर टाकू नका, मुलींचे तर नकोच, फेस्ट संपल्यावरही महिनोनमहिने फालतू कॉल येत राहतात. एक वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करा आणि तोच नंबर द्या.

पोस्ट करण्याआधी सगळ्या स्लाइड्स फोनवर, ब्राइटनेस कमी करून, टीममध्ये नसलेल्या कोणाला तरी दाखवा आणि विचारा, 'शनिवारी किती वाजता आणि कुठे यायचं?' उत्तर शोधायला त्याला मागे-पुढे करावं लागलं तर स्लाइड परत करा, कारण एकदा पोस्ट गेली की कॅप्शन बदलता येतं पण स्लाइडमधला फोटो बदलता येत नाही. नंतर ग्राउंड बदललंच तर चुकीची स्लाइड पोस्टमधून डिलीट करा, नवी जागा कॅप्शनच्या पहिल्या ओळीत लिहा, कमेंटमध्ये पिन करा आणि दुरुस्त केलेली स्लाइड 'बदल' असा ठळक शिक्का मारून स्टोरीला आणि सगळ्या टीमलीडर्सच्या ग्रुपवर टाका, कारण जुन्या स्लाइडचे स्क्रीनशॉट अजून फिरत असतात.