टँकरच्या लॉगबुकची नक्कल

आमच्या गावाला (बीड जिल्हा) उन्हाळ्यात टँकरच्या रोज दोन खेपा मंजूर होत्या, यायची एकच. मी माहिती अधिकारात अर्ज केला, "दुसरी खेप का येत नाही?" तो परत आला. बरोबरच होतं, कारण या कायद्यात खुलासा मागता येत नाही, दप्तरी असलेला कागद मागता येतो.

मग दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून नवा अर्ज दिला: एप्रिल महिन्याच्या टँकर लॉगबुकची आणि बिलांची साक्षांकित प्रत द्या. तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचं स्टँप लावून प्रथम अपील केलं. उशीर झाला की दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड माहिती अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. तो राज्य माहिती आयोगच लावतो, पण धाक असतो. सुनावणीआधीच प्रती मिळाल्या.

रोज दोन खेपा लिहिलेल्या. खेप पोचल्याची सही माझ्या चुलतीची, निळ्या शाईत, वळणदार. चुलती अंगठा लावते.

माहिती अधिकारानं कारवाई होत नाही, हातात पुरावा येतो. तो जोडून तहसीलदारांकडे तक्रार दिली. चौथ्या दिवशी दुपारची खेप आली.