परदेशी ग्राहकाचे हजार डॉलर खात्यात येताना किती उरतात, आणि कागद कोणते जपायचे

माझी एक मैत्रीण कोल्हापुरात बसून शिकागोतल्या एका स्टुडिओसाठी वेबसाइट बनवते. दीड वर्ष दर महिन्याला पैसे येत होते, कसलीच अडचण नव्हती. जीएसटी नोंदणी झाल्यावर सीएने तिच्याकडे बँकेच्या पावत्या मागितल्या आणि प्रत्येक पावतीवर पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, निघाला P1301. हा कोड अनिवासी भारतीयाने घरखर्चासाठी किंवा बचतीसाठी पाठवलेल्या पैशाचा. तिने केलेली सेवेची निर्यात बँकेच्या नोंदीत नातेवाइकाने पाठवलेली मदत होऊन बसली होती. सगळे कोड बदलून घ्यायला तिला चार महिने हेलपाटे घालावे लागले. म्हणून हा लेख हजार डॉलरचं एकच पेमेंट हातात धरून, इन्व्हॉइसपासून फायलीपर्यंत पायरीपायरीने लिहिला आहे.

पहिली पायरी: इन्व्हॉइस पाठवण्याआधी

ग्राहकाला बँकेचा तपशील पाठवताना खात्यावरचं नाव अक्षरशः जसं आहे तसंच द्या. सोबत खाते क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड आणि बँकेचा पत्ता द्या. आपल्या शाखेला स्वतंत्र स्विफ्ट कोड नसेल, तर परदेशी चलनाचे व्यवहार बँकेच्या कोणत्या शाखेतून होतात ते विचारून तिथला कोड द्यायचा. युरोपातले ग्राहक हमखास आयबॅन मागतात. भारतीय खात्यांना आयबॅन नसतो, तेव्हा तसं स्पष्ट लिहा आणि खाते क्रमांक व स्विफ्ट कोड पुरेसा आहे हेही सांगा. आयएफएससी कोड देशातल्या देशात पैसे पाठवण्यासाठी असतो. तो स्विफ्ट कोडच्या रकान्यात टाकला की पेमेंट अडकतं.

त्याच ईमेलमध्ये शुल्क कोण भरणार हे ठरवून घ्या. स्विफ्टच्या फॉर्मवर यासाठी तीन पर्याय असतात: `OUR` म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, `SHA` म्हणजे वाटून, `BEN` म्हणजे सगळा आपल्या माथी. कोणी काही बोललं नाही तर बहुतेक वेळा `SHA` लागतो आणि मधल्या बँका आपल्या पैशातूनच कापून घेतात. नवा ग्राहक असेल तर मी `OUR` मागते. जुन्या ग्राहकाला ते जड जात असेल, तर इन्व्हॉइसमध्येच वीस डॉलर वाढवून धरते.

अमेरिकी ग्राहक असेल तर तो कराचा फॉर्म मागेल. तुम्ही भारतात राहून, भारतातूनच काम करणारी भारतीय व्यक्ती असाल तर तुमचा फॉर्म `W-8BEN`. `W-9` अमेरिकी करदात्यांसाठी असतो, तो चुकूनही भरू नका. सही केलेला `W-8BEN` साधारणपणे त्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. तो कधी संपतो हे कॅलेंडरमध्ये टिपून ठेवा.

दुसरी पायरी: बँकेला कोड आधीच कळवा

पैसे आले की बँकेच्या फॉरेक्स विभागाचा ईमेल येतो: हे पैसे कशाचे, पर्पज कोड सांगा, इन्व्हॉइस जोडा. काही बँका विचारत बसत नाहीत, बचत खातं दिसलं की P1301 टाकून मोकळ्या होतात. मैत्रिणीच्या बाबतीत तेच झालं. त्यावर उपाय सोपा आहे. पहिलं पेमेंट यायच्या आधी शाखेला आणि फॉरेक्स विभागाला लेखी कळवा, की या खात्यावर अमुक ग्राहकाकडून अमुक सेवेचे पैसे येतील, कोड हा लावावा, आणि दर वेळी पावती ईमेलने पाठवावी.

सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी `P0802`, व्यवसाय व व्यवस्थापन सल्लागारीसाठी `P1006`. तुमचं काम यात बसत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या यादीत कामाचं वर्णन जिथे जुळतं तो कोड घ्या आणि पुढे कायम तोच वापरा. व्यवसायाचे पैसे चालू खात्यात घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. तिथे कोडचा घोळ कमी होतो आणि पुढे डॉलर थोपवून धरायचे झाले, तर परकीय चलन ठेवण्याचं ईईएफसी खातं उघडायची वाटही मोकळी राहते. मात्र ईईएफसीवर व्याज मिळत नाही, आणि एका महिन्यात जमा झालेले डॉलर पुढच्या महिनाअखेरीपर्यंत रुपयात बदलावे लागतात. रुपया घसरेल म्हणून वर्षभर डॉलर दाबून ठेवण्याची ती जागा नव्हे.

तिसरी पायरी: खरा दर काढा

आता हजार डॉलर पाठवून बघू. बाजारातला दर ८५ रुपये धरू. आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या बँकेचे वेगळे असतील.

ग्राहकाने `SHA`ने पाठवले. मधल्या बँकेने २० डॉलर कापले, आपल्या बँकेत पोचले ९८०. बँकेने ते ८५ ने घेतले नाहीत. तिचा टीटी बाइंग दर त्या दिवशी ८३.३० होता, म्हणजे ८१,६३४ रुपये झाले. त्यातून आवक शुल्क ३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३५४ गेले. चलन बदलण्यावरही जीएसटी लागतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के, इथे सुमारे १४७ रुपये. पावतीसाठी २०० अधिक कर, म्हणजे २३६. हातात आले ८०,८९७.

८५,००० च्या तुलनेत ४,१०३ रुपये गेले, म्हणजे ४.८ टक्के. ते कुठे गेले ते बघा: मधल्या बँकेकडे १,७००, दरातल्या फरकात १,६६६, आणि ज्यांची यादी बँक छापते त्या शुल्कांत जेमतेम ७३७. आपण सगळे त्या ७३७ वर वाद घालत बसतो. खरी गळती वरच्या दोन ठिकाणी असते, आणि त्या दोन्ही खात्याच्या उताऱ्यावर ‘शुल्क’ म्हणून दिसतच नाहीत.

म्हणून प्रत्येक पेमेंटनंतर एकच भागाकार करायचा. हातात पडलेले रुपये भागिले इन्व्हॉइसवरचे डॉलर. इथे ८०.९०. हा आकडा वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवसाचा बाजारदर लिहा. तीन-चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की कोणता रस्ता स्वस्त ते आपोआप दिसतं.

हेच पैसे तीन महिन्यांचे एकत्र, ३,००० डॉलर आले असते तर? मधल्या बँकेची कात्री पुन्हा वीस डॉलरचीच आणि आवक शुल्कही तेवढंच. दरातला फरक तेवढा रकमेबरोबर वाढतो. हिशोब केला तर एकूण गळती सुमारे ७,६७० रुपये, म्हणजे ३ टक्के येते. ग्राहक भरवशाचा असेल तर छोटी इन्व्हॉइस एकत्र करणं परवडतं. नवा असेल तर मी १.८ टक्क्यांसाठी तीन महिन्यांचे पैसे अडकवणार नाही.

चौथी पायरी: रस्ता निवडा

रकमा मोठ्या असतील तर बँकेतलं स्विफ्ट ठीक, पण दरावर बोलायला शिका. पैसे येण्याच्या दिवशी फॉरेक्स विभागाला फोन करून ‘या रकमेला काय रेट द्याल?’ एवढं विचारलं तरी अनेकदा छापील दरापेक्षा काही पैसे जास्त मिळतात. आपला पहिला फोन दबकत होतो, दुसरा नाही.

छोट्या आणि नियमित रकमांसाठी पेओनीअरसारख्या सेवा बघा. त्या तुमच्यासाठी अमेरिकेत पैसे घेण्याचा खाते क्रमांक देतात. ग्राहक तिथल्या तिथे एसीएच या अमेरिकेतल्या बँक-ते-बँक पद्धतीने पैसे भरतो, त्यामुळे मधली बँक कापत नाही. नंतर सेवा आपलं शुल्क घेऊन रुपये तुमच्या खात्यात टाकते. पेपाल ग्राहकाला सगळ्यात सोयीचं, पण परदेशी पेमेंटवरचं शुल्क चार टक्क्यांच्या पुढे जातं आणि वर रूपांतराच्या दरातही वेगळी कपात होते. शंभर-दोनशे डॉलरच्या पहिल्या कामाला ते चालेल, कायमचं नको. कोणतीही सेवा घेताना आधी दोन गोष्टी विचारा: पर्पज कोड मी निवडू शकते का, आणि प्रत्येक पेमेंटची एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती, मिळते का. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी: पैसे आले त्याच आठवड्यात

रक्कम कमी आली असेल तर ग्राहकाकडे स्विफ्ट कॉपी, म्हणजे त्याच्या बँकेने पाठवलेल्या पेमेंट संदेशाची प्रत, मागा. जुन्या एमटी १०३ स्वरूपात `33B` समोर पाठवलेली रक्कम आणि `32A` समोर पुढे गेलेली रक्कम असते. दोन्हींत फरक दिसला तर पैसे वाटेत कापले गेले. `71A` समोर `OUR` आहे की `SHA` तेही तिथेच कळतं. पेमेंट पोचलंच नसेल तर त्याच कागदावरचा यूईटीआर क्रमांक बँकेला द्या, त्यावरून पैसे कुठे थांबलेत ते शोधता येतं.

मग एफआयआरए उघडा आणि आधी पर्पज कोड वाचा. चुकला असेल तर त्याच दिवशी इन्व्हॉइस जोडून दुरुस्तीचा ईमेल करा. बँकेने रिझर्व्ह बँकेला नोंद कळवल्यावर ती बदलणं वेळखाऊ होतं.

जीएसटीसाठी हीच पावती कामाची. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याची देशी-परदेशी मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर निर्यातीवर कर शून्य, पण त्यासाठी एलयूटी हा हमीपत्राचा फॉर्म भरलेला हवा. पोर्टलवर Services, User Services, Furnish Letter of Undertaking (LUT) अशा मार्गाने गेलात की `RFD-11` फॉर्म उघडतो. त्याची मुदत एका आर्थिक वर्षापुरती असते, म्हणून १ एप्रिलनंतरचं पहिलं इन्व्हॉइस काढण्याआधी तो पुन्हा भरायचा. निर्यातीचं इन्व्हॉइस `GSTR-1` च्या तक्ता `6A` मध्ये, कर न भरता केलेली निर्यात म्हणून दाखवायचं. पैसे मात्र इन्व्हॉइसच्या तारखेपासून वर्षभरात परकीय चलनात यायला हवेत, नाहीतर त्या रकमेवर व्याजासह कर भरावा लागतो.

मी प्रत्येक पेमेंटचा एक फोल्डर करते आणि त्याला इन्व्हॉइस क्रमांकाचंच नाव देते. आत इन्व्हॉइस, एफआयआरए, बँकेच्या उताऱ्याचं ते पान आणि ग्राहकाचा काम दिल्याचा ईमेल ठेवते. मैत्रिणीचे कोड बदलताना बँकेने हेच चार कागद मागितले होते, आणि दीड वर्षापूर्वीचे ईमेल शोधण्यातच तिचा पहिला महिना गेला होता.